व्हायब्रेटरी की रोटरी? आधी पंपाला पाणी कुठून मिळणार ते ठरवा

प्रश्न: जुळे सोलापूरला घराच्या तळमजल्यावर छोटा कॅफे काढतोय. दिवसाला ४०-५० कप धरलेत. एका ग्रुपचं, म्हणजे कॉफी काढायचं एकच तोंड असलेलं एस्प्रेसो मशीन घ्यायचंय. व्हायब्रेटरी पंपाचं आणि रोटरी पंपाचं असे दोन पर्याय आहेत, किमतीत बराच फरक आहे. विक्रेता म्हणतो रोटरीच घ्या, आवाज येत नाही, थेट नळाला जोडता येतं, पंप कधी बदलावा लागत नाही. वरच्या मजल्यावर आईवडील राहतात आणि मी सकाळी सातला दुकान उघडणार. जास्तीचे पैसे घालू का?

उत्तर:

विक्रेत्यानं सांगितलेल्या तिन्ही गोष्टींत बरंच तथ्य आहे, पण तिन्हींना एकच अट आहे आणि ती त्यानं तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. रोटरी पंपाच्या तोंडाशी पाणी कायम आणि मुबलक हवं. ते असलं तर पंप शांत चालतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. नसलं तर तोच पंप व्हायब्रेटरीपेक्षा जास्त खडखडतो आणि लवकर संपतो. आपल्याकडे नळाला कधी तीन, कधी पाच दिवसांनी पाणी येतं. त्यामुळे सोलापुरात कुणी मला पंपाबद्दल विचारलं की मी आधी छतावरची टाकी बघायला जिना चढतो.

माझं मूळ काम मोटर रिवाइंडिंगचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या मोटारी भरत होतो, तिथून कॉफी मशीनच्या दुरुस्तीत आलो, त्याला आता अकरा वर्षं झाली. दोन्ही जातींचे पंप रोज उघडतो, त्या अनुभवावर सांगतो.

व्हायब्रेटरी पंप तळहातावर मावतो. बाहेर तांब्याच्या तारेची कॉइल, तिच्या मधून जाणारी नळी, नळीत एक पोलादी पिस्टन आणि त्याला स्प्रिंग. कॉइलमध्ये वीज आली की पिस्टन स्प्रिंग दाबत मागे खेचला जातो. वीज सुटली की स्प्रिंग त्याला पुढे फेकते आणि तेवढं चिमूटभर पाणी व्हॉल्व्हमधून पुढे सरकतं. कॉइलमध्ये एक डायोड असतो, तो विजेची अर्धी लाट अडवतो. म्हणून आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर हा पिस्टन सेकंदाला ५० ठोके मारतो. मशीन चालू केल्यावर जो घर्रर्र आवाज येतो तो या ठोक्यांचा. घरगुती आणि लहान कॅफेच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा इटलीच्या युल्का कंपनीचा किंवा त्याच घडणीचा पंप सापडतो. त्याच्या लेबलवर दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद अशी मर्यादा छापलेली असते. ती गंभीरपणे घ्यायची असते, कारण कॉइल चालताना तापते आणि तिला थंड व्हायला उसंत लागते.

रोटरीचा पंप म्हणजे एक वेगळी, वजनदार मोटर आणि तिच्या तोंडाला पट्टीच्या क्लॅम्पनं आवळलेलं पितळी किंवा स्टीलचं पंपहेड. हेडच्या आत मध्यापासून जरा बाजूला सरकवलेला रोटर असतो. त्याच्या खाचांमध्ये कार्बनच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना व्हेन म्हणतात. रोटर फिरला की या पट्ट्या बाहेर येऊन भिंतीला घासत जातात आणि पाणी एका तोंडाकडून दुसऱ्या तोंडाकडे ढकलतात. हेडच्या बाजूला बायपासचा स्क्रू असतो. जास्तीचं पाणी त्यातून पुन्हा पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला फिरतं, त्यावर दाब ठरतो. या घासणाऱ्या पट्ट्यांना तेल नसतं, ग्रीस नसतं. त्यांना थंड ठेवतं आणि वंगण देतं ते पंपातून जाणारं पाणीच. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

असा पंप कॉफी मशीनमध्ये रुळला तो १९६१ च्या फाएमा ई६१ या मशीनपासून. इटलीतल्या बारमध्ये नळाला दिवसभर दाबानं पाणी असतं, त्या नळावर पंप बसवून पाण्याचा दाब ९ बारला न्यायचा, अशी ती रचना. नळ आधीच होता, पंप त्याच्यावर आला. आपण तो पंप आणतो आणि नळाचं नंतर बघू म्हणतो.

असंच ‘नंतर बघू’ झालेला एक कॅफे विजापूर रोडच्या बाजूला आहे. दोन वर्षांहून जास्त झाली त्याला. नवं, चांगलं, रोटरी पंपाचं मशीन. सहा महिन्यांत मालकांचा फोन आला, "दादा, आतून वाळू दळल्यासारखा आवाज येतोय आणि कॉफी पाणचट पडतेय." मी गेलो तेव्हा त्यांनी एस्प्रेसोचा शॉट काढून दाखवला. सुरुवातीचे दोन-तीन सेकंद खडखड, मग आवाज जवळजवळ गेला, कप भरेपर्यंत शांत. मला वाटलं कपलिंग सैल असेल. पण मग बॉयलरनं आपोआप पाणी ओढायला सुरुवात केली आणि तीच खडखड, यावेळी पूर्ण भरेपर्यंत थांबेना. कपलिंग सैल असतं तर शॉटच्या मध्यालाही वाजलं असतं.

काउंटरखाली वाकून पाहिलं. मशीन बसवणाऱ्यानं घरगुती आरओच्या मेंब्रेनमधून निघालेली बारीक पाव इंची नळी थेट पंपाच्या तोंडाला जोडली होती. मध्ये साठा काहीच नाही. आता हिशोब करून पाहा. घरगुती आरओ तासाला साधारण १५ लिटर पाणी देतो, म्हणजे मिनिटाला पाव लिटर. शॉटच्या मध्यावर कपात पाणी पडतं ते सेकंदाला दीड-दोन मिलिलिटर, मिनिटाला नव्वद ते एकशेवीस. तेवढं आरओ देऊ शकतो, म्हणून मध्ये शांतता. पण शॉटच्या सुरुवातीला ग्रुपमधली रिकामी जागा भराभर भरायची असते, कॉफीविना नुसतं पाणी सोडून ग्रुप फ्लश करताना आणि बॉयलर भरताना तर पाणी धो-धो लागतं. तेव्हा पंप मिनिटाला अर्धा लिटर किंवा जास्त मागतो आणि नळी देते पाव. उरलेल्या जागी पंप पोकळी ओढतो. पाण्यात वाफेचे आणि हवेचे बुडबुडे तयार होतात, दाबाच्या बाजूला गेले की फुटतात, आणि प्रत्येक फुटण्याचा दणका कार्बनवर बसतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. वाळू दळल्यासारखा आवाज तो हाच.

ग्रुपमध्ये भोकं नसलेली बंद बास्केट लावून दाब पाहिला. काटा ६ बारच्या वर चढेना, बायपासचा स्क्रू पूर्ण आवळला तरी नाही. मग हेड उतरवलं आणि उघडलं. कार्बनच्या पट्ट्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या, आतल्या भिंतीवर बोटाच्या नखाला लागतील अशा रेघा होत्या, आणि तळाशी काळी बारीक पूड साठली होती, पेन्सिल तासल्यावर उरते तशी. मालकांना विचारलं, ड्रिप ट्रेमध्ये काळे कण दिसायचे का? ते म्हणाले, दिसायचे, आम्हाला वाटायचं कॉफीच आहे. कोऱ्या पाण्याचा फ्लश पांढऱ्या वाटीत घेतला असता तर दोन महिने आधीच कळलं असतं. मोटर मात्र ठणठणीत होती. फक्त हेड नवं घातलं.

पण नुसतं हेड बदलून निघालो असतो तर सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं असतं. म्हणून आरओ आणि मशीनच्या मध्ये ५० लिटरची खाद्यदर्जाची प्लास्टिक टाकी घातली, आत फ्लोट वॉल्व्ह बसवला. आरओ आता रात्रभर त्याच्या गतीनं ती भरतो, त्याला घाई नाही. टाकी अशा उंचीच्या स्टँडवर ठेवली की तिचा तळ पंपाच्या वर राहील, म्हणजे पाणी स्वतःहून पंपात उतरतं, ओढावं लागत नाही. टाकीतून अर्ध्या इंचाची लाइन, त्यावर बॉल वॉल्व्ह, मग बारीक जाळीचा स्ट्रेनर, मग पंपापर्यंत स्टील वेणीची नळी. मध्ये कुठेही पाव इंची तुकडा नाही. टाकीत तळापासून वितभर उंचीवर एक फ्लोट स्विच बसवला. पाणी त्याच्या खाली गेलं की रिलेमधून पंपाच्या मोटरची वीज तुटते. ते हेड आजही चालू आहे, काटा ९ वर उभा राहतो.

तुमच्या मनात येईल की छतावरच्या टाकीतूनच लाइन का घेऊ नये. घेता येते आणि दाबाच्या दृष्टीनं ती चांगलीच असते. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार धरा. तुमचं तळमजला अधिक एक मजला, वर टाकी, म्हणजे पाऊण बारच्या आसपास मिळेल. टाकी भरली काय, अर्धी झाली काय, फरक पाव बारही पडत नाही. रोटरीत आत येणारा दाब पंपाच्या दाबात मिळवला जातो, त्यामुळे तो स्थिर असणं महत्त्वाचं. याच कारणासाठी इमारतीत प्रेशर पंप बसवलेला असेल तर सावध राहा. तो दीड बारला चालू, तीन बारला बंद असा खेळत राहतो आणि तुमचा शॉट एकदा ९ ला, एकदा साडेदहाला निघतो. तिथे पंपाच्या आधी प्रेशर रेग्युलेटर लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

छतावरच्या टाकीचा खरा धोका ती रिकामी होण्याचा. पाणी लांबलं, घरात पाहुणे आले, कुणी गाडी धुतली, आणि सकाळी सातला तुम्ही पहिला शॉट लावता तेव्हा लाइनमध्ये हवा. रोटरी पंप कोरडा फिरला तर मिनिटभरात पट्ट्यांवर कायमचे ओरखडे येऊ शकतात. व्हायब्रेटरी कोरडा चालला तर तापतो, मोठ्यानं घर्र करतो, फार झालं तर त्याच्या अंगावरचा थर्मल फ्यूज तुटून बंद पडतो, पण अर्ध्या मिनिटात लक्षात आलं तर बहुधा त्याचं काही बिघडत नाही. कोरडेपणा सोसण्यात तो सरस आहे.

आणि महापालिकेच्या नळाला थेट जोडायचं तर मुळीच नको. पाणी सुटतं तेव्हा पहिली काही मिनिटं नळातून हवा आणि गढूळ, तांबूस पाणी येतं, हे तुम्ही घरी पाहतच असाल. ते सगळं पंपात आणि मग बॉयलरमध्ये.

आता तुमच्या गरजेचं पाणी किती, ते बघू. एका दुहेरी शॉटला पंपातून जाणारं पाणी, आधी-नंतरचा फ्लश, दुधाच्या वाफेसाठी लागणारं आणि मधूनमधून गरम पाणी, असं सगळं मिळून मी कपामागे २०० मिलिलिटर धरतो. ५० कपांना १० लिटर. पाच दिवस पाणी आलं नाही तरी ५० लिटर. घरात आंघोळीला यापेक्षा जास्त लागतं. म्हणजे टंचाई प्रमाणाची नाहीच. ५० ते १०० लिटरची फक्त मशीनची अशी वेगळी टाकी ठेवली, तिला घरातली दुसरी तोटी लावली नाही, की सोलापुरातही रोटरी सुखानं चालतो. जागा नसेल तर २० लिटरचा जारही चालतो, पंपाच्या पातळीला किंवा वर ठेवायचा, आणि त्यातही फ्लोट स्विच हवाच.

काही रोटरी मशीनना आत स्वतःची टाकी असते आणि एका कळीनं टाकी किंवा लाइन निवडता येते. काही फक्त लाइनवर चालतात आणि पाणी संपल्याचं त्यांना कळतच नाही. विक्रेत्याला हे नेमकं विचारा: पाणी संपलं तर मशीन स्वतः पंप थांबवतं का? उत्तर ‘हो’ असेल तर समोर जार रिकामा करून दाखवायला सांगा. व्हायब्रेटरी मशीनमध्ये टाकीचा सेन्सर बहुधा आधीपासून असतो. पण ही मशीन्स टाकीतून ओढण्यासाठी बनवलेली असतात, दाबाच्या लाइनवर थेट लावायची नसतात. आत येणाऱ्या पाण्याला दाब असला तर ते बंद पंपातूनही पुढे झिरपत राहतं.

पाण्याच्या प्रतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते दोन्ही पंपांना सारखं लागू आहे. बोअरचं पाणी नको, आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं, बॉयलरमध्ये पापुद्रा धरतं आणि व्हायब्रेटरीच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये क्षार बसला की दाब पडतो. पण निव्वळ आरओही नको. टीडीएस फार खाली गेला, विसा-पंचविसावर आला, की बॉयलरमधल्या लेव्हल प्रोबला पाणी ‘दिसत’ नाही, कारण तो पाण्यातून जाणाऱ्या बारीक विजेवर चालतो. मग मशीन बॉयलर भरतच सुटतं, स्टीम वाँडमधून पाणी येतं आणि पंप विनाकारण तासभर राबतो. आरओच्या पाण्यात थोडं गाळलेलं, क्लोरिन काढलेलं नळाचं पाणी मिसळून टीडीएस १०० ते १५० वर आणा.

आवाजाचं बोलू. दोन्ही पंप शेजारी लावून ऐकले तर रोटरी नक्कीच शांत आहे, त्यात वाद नाही. मोटरची एकसंध गुणगुण, फ्रीजसारखी. व्हायब्रेटरीचा आवाज कानाला टोचतो, कारण ठोके पंपाच्या ब्रॅकेटमधून मशीनच्या पत्र्यात जातात आणि पत्रा ढोलासारखा बोलतो. पण त्यातला बराचसा भाग पंपाचा नसून बसवण्याचा असतो. मी पॅनेल उघडलं की आधी पंपाची रबरं बोटानं दाबून बघतो. उष्णतेनं ती वाळून कडक झालेली असतात, कधी पंपाची नळी पत्र्याला टेकलेली असते, कधी पंप सरकून बाजूच्या बॉयलरला लागलेला असतो. नवी रबरं घातली आणि नळीला अर्धा इंच मोकळी जागा दिली की आवाज ओळखू येणार नाही इतका उतरतो. काउंटर प्लायवूडचा पोकळ असेल तर मशीनखाली जाड शहाबादी फरशी आणि तिच्या खाली रबराची चटई घाला. शहाबादी आपल्याकडे सहज आणि स्वस्त मिळते.

तुमच्या आईवडिलांच्या झोपेचा विचार करत असाल तर खरं सांगतो, त्यांना पंप फारसा ऐकू जाणार नाही. त्यांना ग्राइंडर ऐकू जाईल, ज्याचा आवाज दोन्ही पंपांपेक्षा मोठा आहे. आणि त्याहून जास्त, वापरलेली कॉफी झाडायला पोर्टाफिल्टरची दांडी नॉक बॉक्सवर आपटल्याचा धक्का जाईल. हवेतला आवाज स्लॅब अडवतो, आपटल्याचा धक्का मात्र काउंटर, भिंत, स्लॅब असा थेट वर चढतो. काउंटर भिंतीपासून दोन बोटं सुटा ठेवा आणि नॉक बॉक्स काउंटरमध्ये न बसवता खाली रबरावर सुटा उभा करा. एवढ्यानं जे साधेल ते रोटरी घेऊन साधणार नाही. दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला मात्र पंपातला फरक जाणवतो, दोन हातांवरच्या टेबलावर तर जाणवतोच.

आयुष्याबद्दल. ५० कप, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे पंप २५ मिनिटं. फ्लश आणि बॉयलर धरून दिवसाला ३५ मिनिटं म्हणा. ३०० दिवसांचे १७५ तास. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती मशीनमधला व्हायब्रेटरी पाच-सहा वर्षं आरामात जातो, तुमच्याएवढ्या कामावर मी तो दीड-दोन वर्षांचा धरतो. गर्दीच्या वेळी तो लवकर थकतो. शॉट ३० सेकंद, मग ४० सेकंद विश्रांती, असं चाललं तर लेबलवरच्या मर्यादेत बसतं. पण दोन शॉटच्या मधल्या विश्रांतीतच बॉयलर भरायला लागला तर कॉइलला उसंत उरत नाही.

पण तो मेला तर काय होतं? दोन नळ्या, दोन वायरी, वीस मिनिटांचं काम. रोटरीच्या एका हेडच्या किमतीत असे चार-पाच पंप येतात. एक पंप ड्रॉवरमध्ये ठेवला तर दुकान अर्धा तासही बंद राहत नाही. रोटरीचं हेड चांगल्या पाण्यावर व्हायब्रेटरीच्या कित्येक पट चालतं, मी दहा वर्षं जुनी हेड अजून ९ बार देताना पाहिली आहेत. मोटरचा कपॅसिटर आणि बेअरिंग मध्ये कधीतरी बदलावं लागतं, तेवढंच. पण हेड गेलं आणि त्याच मापाचं सोलापुरात मिळालं नाही तर पुणे किंवा मुंबईहून मागवायचं, तोवर दुकान बंद. ‘कधी बदलावा लागत नाही’ हे वाक्य म्हणून मी मान्य करत नाही.

विजेचाही एक मुद्दा आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी काही भागांत व्होल्टेज १९० पर्यंत उतरलेलं मी मीटरवर पाहिलं आहे. व्हायब्रेटरीत पिस्टन मागे खेचण्याची ताकद व्होल्टेजवर अवलंबून असते. व्होल्टेज पडलं की स्प्रिंग पूर्ण दाबली जात नाही, ठोका आखूड पडतो, पाणी कमी येतं, आणि ग्राइंड तोच असूनही शॉट लांबतो. अशा वेळी लोक ग्राइंडर फिरवत बसतात. रोटरीची मोटर थोड्या उतारावर जवळजवळ त्याच वेगानं फिरत राहते, फक्त जास्त तापते. तुमच्या गल्लीत हा त्रास असेल तर व्हायब्रेटरीसाठी स्टॅबिलायझरचा खर्च धरा.

कपातल्या चवीत फरक शोधू नका. दोन्ही ९ बार देतात. व्हायब्रेटरी दाब जरा सावकाश चढवतो आणि काहींना ते आवडतं, रोटरी झटकन चढवतो. गिऱ्हाइकाला ओळखता येणार नाही.

तर तुमच्यासाठी. वेगळी ५० ते १०० लिटरची टाकी, अर्ध्या इंचाची लाइन, फ्लोट स्विच आणि ड्रिप ट्रेचं पाणी उतारानं नेणारा ड्रेन, हे सगळं दुकान उघडण्याआधी होत असेल तर रोटरी घ्या. ५० कप हे कॅफेचं काम आहे आणि वर्षभरात ते ८० झाले तर व्हायब्रेटरी दमेल. दुकान चाललं नाही तर सहा महिन्यांत बंद करायचं, जागा भाड्यानं द्यायची, असा काही विचार असेल किंवा प्लंबिंगला हात लावायचा नसेल, तर व्हायब्रेटरी घ्या, सोबत एक जादा पंप आणि रबरांचा संच घ्या, आणि उरलेले पैसे चांगल्या, शांत ग्राइंडरवर घाला. जे करू नका ते एकच: रोटरी घेऊन त्याला आरओची नळी किंवा नुसती छतावरची लाइन जोडून देणं.

कुठलंही घेतलंत तरी पहिल्या दिवशी एक काम करा. पोर्टाफिल्टर न लावता ग्रुप चालू करा, मापाच्या भांड्यात ३० सेकंद पाणी घ्या आणि आलेला आकडा, बंद बास्केटवरचा दाब आणि त्या वेळचं व्होल्टेज मार्करनं बाजूच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी तेच मोजा. व्हायब्रेटरी थकायला लागला की आधी हा पाण्याचा आकडा उतरतो, दाब नंतर. रोटरीत बंद बास्केटवरचा दाब आधी ढासळतो, आणि तोच फ्लश पांढऱ्या वाटीत घेतलात तर तळाशी काळी पूड बसते का तेही दिसेल. मला फोन कराल तेव्हा पॅनेल उघडून हेच आकडे वाचून दाखवा, निम्मं निदान तिथेच होईल.